माफ झालेले कर्ज आणि मागे राहिलेली नोंद



2023 च्या दिवाळीनंतरची गोष्ट. इचलकरंजीतील एक परिचित दांपत्य सकाळीच घरी आले. ‘जय जिनेंद्र, काका’ म्हणून दोघे बसले आणि गृहस्थांनी पिशवीतून कागदांची एक चळत काढून माझ्यासमोर ठेवली. त्यांना कोल्हापुरात एक लहानसे घर घ्यायचे होते. विसार देऊन झाला होता, आणि बँकेने गृहकर्जाचा अर्ज परत पाठवला होता. कारण एका ओळीचे होते : पतमाहिती अहवालात जुने कर्ज ‘सेटल्ड’ असल्याची नोंद.

‘काका, ते कर्ज तर पाच वर्षांपूर्वीच मिटले. बँकेनेच पत्र दिले आहे. मग आता हे काय?’ गृहस्थांनी विचारले.

त्यांच्या पत्नी एका खासगी शाळेत शिक्षिका आहेत. त्यांचा प्रश्न अधिक टोचणारा होता. ‘ते कर्ज यांचे. माझी फक्त सही होती. मग माझ्याही नावापुढे हाच शेरा का?’

माझी सारी नोकरी सहकारी बँकेत, त्यातील बरीचशी वर्षे वसुली विभागात गेली. टेबलाच्या पलीकडच्या बाजूने अशा तडजोडी मी पुष्कळ पाहिल्या आहेत. तरीही त्या सकाळी जाणवले, की कर्जदार तडजोडीचे पत्र हाती घेतो तेव्हा त्याला एकच आकडा दिसतो, तो म्हणजे माफ झालेली रक्कम. त्या आकड्याची दुसरी बाजू त्याला पुष्कळ उशिरा कळते. या दांपत्याने आपली हकीगत नावगाव न सांगता लिहिण्यास परवानगी दिली आहे. तिच्याच आधारे आज एकरकमी तडजोडीचा, म्हणजे बँकेच्या भाषेत ‘ओटीएस’चा, विचार करू.

गृहस्थ एका कापड प्रक्रिया कारखान्यात पर्यवेक्षक होते. 2016 च्या जूनमध्ये वडिलांच्या शस्त्रक्रियेसाठी त्यांनी 5 लाख रुपयांचे वैयक्तिक कर्ज घेतले. व्याजदर 16 टक्के, मुदत 60 महिने, मासिक हप्ता 12,159 रुपये. एकट्याच्या पगारावर एवढी रक्कम मंजूर होईना, म्हणून पत्नीला सहकर्जदार केले. वीस हप्ते अगदी वेळेवर गेले. 2018 च्या फेब्रुवारीअखेर कारखाना बंद पडला आणि नोकरी गेली. त्या दिवशी कर्जाची मुद्दल सुमारे 3 लाख 75 हजार शिल्लक होती.

मार्चपासून हप्ते थांबले. हप्ता 90 दिवसांहून अधिक काळ थकला, की रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ते कर्ज अनुत्पादक ठरते. तोवर बँकेचे लोक आठवण करून देत असतात. त्यानंतर खाते वसुली विभागाकडे जाते आणि भाषा बदलते. येथेही तसेच झाले. दूरध्वनी सुरू झाले, मग वसुली करणारी माणसे दारात येऊ लागली. ऑक्टोबरअखेर आठ हप्ते थकले होते. साचलेले व्याज सुमारे 42 हजार आणि दंडव्याज, न वटलेल्या हप्त्यांचे आकार वगैरे मिळून सुमारे 13 हजार, असा बँकेचा एकूण दावा 4 लाख 30 हजारांवर पोहोचला.

याच वेळी वसुली अधिकाऱ्याने तडजोडीचा विषय काढला. ‘एकरकमी भरा, बाकीचे सोडून देऊ.’ बँकेने प्रथम 3 लाख मागितले. घासाघीस होऊन 2 लाख 40 हजारांवर जमले. वडिलांची ठेव मोडली, पत्नीच्या अंगावरचे काही दागिने विकले आणि नोव्हेंबरमध्ये रक्कम भरली. 1 लाख 90 हजार रुपये माफ झाले. घरात सर्वांना हायसे वाटले. कोणालाही वाटले असते.

बँक असे का करते, हे आधी समजून घेतले पाहिजे. वैयक्तिक कर्जाला तारण नसते. दावा लावला तर वर्षे जातात, खर्च होतो आणि शेवटी हाती काय लागेल याची खात्री नसते. दरम्यान, त्या थकीत कर्जासाठी बँकेला आपल्या नफ्यातून तरतूद करून ठेवावी लागते. म्हणून आज मिळणारे 2 लाख 40 हजार तिला भविष्यातील अनिश्चित 4 लाख 30 हजारांपेक्षा बरे वाटतात. यात दया नाही आणि दुष्टावाही नाही, केवळ हिशेब आहे. गृहकर्जासारखे तारण बँकेच्या हाती असेल, तर हाच हिशेब बदलतो आणि सवलत फारच कमी मिळते.

रिझर्व्ह बँकेने 8 जून 2023 रोजी अशा तडजोडींसाठी एक चौकट घालून दिली. सहकारी बँका आणि बिगर-बँक वित्तीय कंपन्या यांनाही ती लागू आहे. प्रत्येक संस्थेकडे संचालक मंडळाने संमत केलेले धोरण असले पाहिजे. ज्या अधिकाऱ्याने कर्ज मंजूर केले, त्याच्याहून किमान एक पायरी वरच्या अधिकाऱ्याने किंवा समितीने तडजोड मंजूर केली पाहिजे. याचा व्यावहारिक अर्थ असा, की दारात आलेल्या वसुली प्रतिनिधीला तडजोड मंजूर करण्याचा अधिकार नसतो. तो फार तर निरोप्या असतो. त्याच्या तोंडी शब्दावर एक रुपयाही देऊ नये.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. पैसे भरले, बँकेने पत्र दिले, तरी शेरा का राहिला?

आपल्या देशात पतमाहिती जतन करणाऱ्या चार कंपन्या आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. आपण सर्वांनाच ‘सिबिल’ म्हणतो, इतके ते नाव रूढ झाले आहे. प्रत्येक बँक आपल्या प्रत्येक कर्जदाराची माहिती या चौघींना कळवते. कर्ज करारानुसार पूर्ण फिटले, तर खात्यापुढे ‘क्लोज्ड’ अशी नोंद होते. काही रक्कम सोडून देऊन खाते बंद केले, तर ‘सेटल्ड’ अशी होते. बँकेने आधीच आपल्या हिशेबात ते कर्ज बुडीत म्हणून निर्लेखित केले असेल आणि नंतर तडजोड झाली असेल, तर तसाही वेगळा शेरा येतो. दोन्ही खात्यांत शिल्लक शून्यच दिसते. परंतु नव्या बँकेचा अधिकारी शिल्लक पाहून थांबत नाही. ‘सेटल्ड’ या शब्दाचा त्याच्या लेखी अर्थ एवढाच, की या माणसाने पूर्वी एका बँकेचे पैसे पूर्ण दिले नाहीत. 300 ते 900 या मापातील गुणांक तर घसरतोच. पण काही काळाने गुणांक सावरला, तरी शेरा वाचला जातोच. गुणांक बरा असूनही अर्ज परत येतो, त्याचे कारण बहुधा हेच असते.

पत्नीच्या प्रश्नाचे उत्तरही यातच आहे. सहकर्जदार हा केवळ साक्षीदार नसतो. कायद्याच्या दृष्टीने ते कर्ज त्याचेही असते, आणि म्हणून त्या खात्याची बरीवाईट प्रत्येक नोंद त्याच्या अहवालातही उमटते. तडजोडीच्या बोलण्यांत त्या बाईंना कोणी विचारले नव्हते. त्यांचे दागिने मात्र विकले गेले आणि शेराही लागला. तेव्हा तडजोडीचा निर्णय घेताना कर्जावर ज्यांची ज्यांची सही आहे, त्या सर्वांना समोर बसवून बोलावे. उद्या मुलाच्या शैक्षणिक कर्जाला आईची सही लागेल आणि तेव्हा तिचाही अहवाल पाहिला जाईल.

‘सात वर्षांनी सर्व पुसले जाते’ हे वाक्य आपण नेहमी ऐकतो. ते अर्धेच खरे आहे. पतमाहिती कंपन्यांनी माहिती किमान 7 वर्षे जतन करावी, असा नियम आहे. ‘किमान’ हा शब्द लक्षात घ्यावा. सात वर्षांनंतर ती काढूनच टाकावी, असे त्यात म्हटलेले नाही. त्यामुळे दिनदर्शिकेवर खूण करून आठव्या वर्षाची वाट पाहणे, हा काही खात्रीचा उपाय नव्हे.

ज्या बँकेशी तडजोड केली, तिच्यासाठी आणखी एक बंधन आहे. 2023 च्या चौकटीनुसार, शेतीकर्ज वगळता, तडजोड झालेल्या कर्जदाराला त्या संस्थेने किमान 12 महिने नवे कर्ज देऊ नये. बँकेला हा काळ स्वतःच्या धोरणाने वाढवता येतो. शेतीकर्जासाठी तो किती असावा, हे बँकेचे संचालक मंडळ ठरवते. पुष्कळांचा समज असा होतो, की बारा महिने सरले की पाटी कोरी. तसे नाही. बारा महिन्यांनंतर बँकेला कर्ज देण्याची मोकळीक मिळते. कर्ज द्यावेच, असे बंधन तिच्यावर येत नाही, आणि अहवालातील शेराही जागच्या जागी असतो.

आता या तडजोडीची किंमत पाहू. बँकेने नकार दिल्यावर एका गृहवित्त कंपनीने या दांपत्याला 25 लाखांचे कर्ज देऊ केले होते, 20 वर्षांसाठी 10.75 टक्के दराने. ज्या बँकेने अर्ज परत पाठवला, तिचा दर स्वच्छ नोंदीच्या ग्राहकाला 8.75 टक्के होता. स्वच्छ नोंदीवर हप्ता आला असता 22,093 रुपये. गृहवित्त कंपनीचा होत होता 25,381 रुपये. महिन्याचा फरक 3,288 रुपये. दर तसेच राहिले आणि कर्ज मुदतभर चालले, तर 240 महिन्यांत हा फरक 7 लाख 89 हजार रुपये होतो. पुढे कर्ज दुसऱ्या बँकेकडे वर्ग करून तो कमी करता येतो, हे खरे. पण 1 लाख 90 हजारांची माफी ही बचत नव्हती, हे समजायला एवढा हिशेब पुरेसा आहे. घर घेण्याचा विचार कधीच नसता, तर ही किंमत मोजावी लागली नसती. म्हणून तडजोडीची किंमत प्रत्येकाची वेगळी असते. पुढील सात-आठ वर्षांत आपल्याला कर्जाची गरज पडणार आहे का, यावर ती ठरते.

यापेक्षाही एक साधा हिशेब त्या सकाळी मी त्यांच्यापुढे मांडला, आणि तो पाहून दोघेही बराच वेळ गप्प राहिले. तडजोडीसाठी त्यांनी 2 लाख 40 हजार रुपये उभे केले. हप्ता होता 12,159 रुपये. म्हणजे त्याच रकमेत कर्जाचे एकोणीस हप्ते भरून वर काही रुपये उरले असते. आणि गृहस्थांना नवी नोकरी मिळाली 2019 च्या फेब्रुवारीत. प्रत्यक्षात खंड पडला असता तो अकरा हप्त्यांचा. त्यांची बेरीज होते 1 लाख 34 हजारांच्या आत. ठेव आणि दागिने तेच, पण ते शेवटी एकदम देण्याऐवजी सुरुवातीपासून महिन्यामहिन्याने वापरले असते, तर नोंद स्वच्छ राहिली असती आणि लाखभर रुपये हाती उरले असते.

अर्थात, नवी नोकरी अकरा महिन्यांनी मिळेल हे 2018 मध्ये कोणाला ठाऊक होते? हा हिशेब मी त्यांना दोष देण्यासाठी मांडला नाही. मुद्दा इतकाच, की आठ महिने हप्ता थकवून मग जी पुंजी मोडायची, ती मोडायचीच असेल तर आधी का नाही, हा प्रश्न पहिल्याच महिन्यात स्वतःला विचारावा. जितकी रक्कम तडजोडीसाठी उभी करता येईल, तिला हप्त्याने भागावे. जे उत्तर येईल, तितके महिने आपल्या हाती आहेत. तेवढ्या काळात उत्पन्न सावरण्याची रास्त शक्यता असेल, तर तडजोडीची घाई करू नये.

बँकेकडे जाण्याचीही वेळ तीच, हप्ता थकण्यापूर्वीची. शिल्लक 3 लाख 75 हजार त्याच 16 टक्क्यांनी नव्याने 60 महिन्यांवर पसरले असते, तर हप्ता 9,119 रुपयांवर आला असता, म्हणजे महिन्याला तीन हजारांहून अधिक दिलासा. याला पुनर्रचना म्हणतात. एकूण व्याज त्यात वाढते, आणि अडचणीपोटी केलेल्या पुनर्रचनेचीही नोंद अहवालात होते. पण ‘मुदत वाढवून घेतली व पूर्ण फेडले’ आणि ‘पूर्ण फेडलेच नाही’ यांत बँक फरक करते. अर्जासोबत नोकरी गेल्याचे पत्र, वैद्यकीय कागद, खाते उतारा असे पुरावे जोडावेत. शाखेत अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी. तोंडी विनंतीला बँकेत कोणी वाली नसतो.

मग तडजोड कधी करावी? उत्पन्न कायमचे गेले आहे, विकण्यासारखे काही उरलेले नाही, व्याज दरमहा चढतेच आहे आणि नव्या कर्जाची गरज नजीकच्या काळात दिसत नाही, अशा घरात तडजोड हाच शहाणपणाचा मार्ग असू शकतो. थकीत खाते तसेच पडू देणे हे ‘सेटल्ड’ शेऱ्याहूनही वाईट. त्यात दावा चालू राहतो, थकबाकी वाढत जाते आणि अहवालही दर खेपेला अधिक बिघडतो. तडजोड त्याला निदान पूर्णविराम देते. म्हणून तडजोडीला मी वाईट म्हणत नाही. ती डोळे उघडे ठेवून करावी, एवढेच म्हणतो.

करायचीच ठरली, तर पैसे देण्यापूर्वी बँकेच्या अधिकृत कागदावर तडजोडीचे पत्र हाती पाहिजे. त्यात कर्ज खात्याचा क्रमांक, एकूण येणे, भरायची रक्कम, अंतिम तारीख, आणि ही रक्कम मिळाल्यावर बँकेचा कोणताही दावा उरणार नाही, हे स्पष्ट शब्दांत असावे. पतमाहिती कंपन्यांना कोणती नोंद कळवली जाईल, हेही त्यातच लिहून मागावे. रक्कम थेट कर्ज खात्यात भरावी. प्रतिनिधीच्या हाती रोख किंवा त्याच्या खात्यात कदापि नाही. रक्कम हप्त्यांत ठरली असेल आणि एखादा हप्ता चुकला, तर सवलत रद्द होऊन मूळ दावा पुन्हा उभा राहू शकतो. अशी अट पत्रात असते, ती वाचावी. शिवाय, तडजोडीची रक्कम भरण्याची मुदत तीन महिन्यांहून अधिक असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या चौकटीत तो व्यवहार तडजोड न राहता पुनर्रचना मानला जातो. प्रकरण न्यायालयात वा न्यायाधिकरणापुढे असेल, तर तेथूनही संमतीचा हुकूमनामा घ्यावा लागतो. शेवटी बेबाकी दाखला घ्यावा, सही केलेले कोरे धनादेश परत मागावेत आणि बचत खात्यातून हप्ता कापण्याची आज्ञा रद्द करून घ्यावी.

व्यापारी बांधवांसाठी येथे एक सूचना. कर्ज धंद्याचे असेल आणि माफ झालेल्या रकमेतील व्याज पूर्वी खर्च म्हणून दाखवून करात वजावट घेतली असेल, तर ते माफ झालेले व्याज त्या वर्षी उत्पन्न धरले जाते. तडजोडीपूर्वी आपल्या सनदी लेखापालाशी बोलावे, म्हणजे कराची रक्कमही बाजूला ठेवता येईल.

पैसे भरल्यावर महिना-दीड महिन्याने आपला पतमाहिती अहवाल काढून पाहावा. प्रत्येक कंपनीने वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य द्यावा, असा नियम आहे. त्यात चालू शिल्लक शून्य हवी, थकीत रक्कम शून्य हवी. तडजोड होऊनही जुनी थकबाकी तशीच दिसत असेल, तर ती चूक आहे आणि ती दुरुस्त करून घेण्याचा आपल्याला हक्क आहे. बँकेकडे आणि पतमाहिती कंपनीकडे लेखी तक्रार करावी. तक्रारीचे निवारण 30 दिवसांत झाले नाही, तर त्यापुढील प्रत्येक दिवसासाठी 100 रुपये भरपाई मिळण्याची तरतूद 2024 पासून लागू आहे. त्यानेही भागले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य दाद मागता येते. मात्र ‘सेटल्ड’ ही नोंद खरी असेल, तर ती कोणालाही पुसता येत नाही. ‘पैसे द्या, सिबिल साफ करून देतो’ असे सांगणारे मध्यस्थ जागोजागी आहेत. खरी नोंद काढून टाकण्याचा अधिकार त्यांच्यापैकी एकाकडेही नाही.

खरी नोंद बदलते ती एकाच मार्गाने. ज्या कारणाने ती झाली, ते कारण दूर करायचे, म्हणजे माफ झालेली रक्कम नंतर भरायची. बँकेने ती स्वीकारलीच पाहिजे असा नियम नाही, पण पुष्कळ बँका स्वीकारतात. त्या दांपत्याला मी हेच सुचवले. त्यांनी जुन्या बँकेला अर्ज दिला. बँकेने 1 लाख 90 हजारांची मागणी केली, वर नवे व्याज लावले नाही. पैसे देण्यापूर्वी आम्ही एकच गोष्ट लेखी मागितली : रक्कम मिळताच खाते ‘क्लोज्ड’ म्हणून चारही कंपन्यांना कळवू, आणि सहकर्जदाराच्या नावेही तसेच कळवू. ते पत्र मिळायला तीन आठवडे लागले. पत्र हाती येईपर्यंत त्यांनी पैसे भरले नाहीत. घराच्या मालकाला विनंती करून विसाराची मुदत वाढवून घेतली. ते भले गृहस्थ होते, म्हणून ते जमले.

2024 च्या उन्हाळ्यात दोघांच्याही अहवालात शेरा बदलला. हप्ते उशिरा गेल्याची 2018 सालची नोंद मात्र तशीच आहे. पूर्ण पैसे भरले, तरी उशीर झाला होता ही घटना बदलत नाही, आणि त्याची किंमतही थोडी द्यावी लागली. बँकेने गृहकर्ज मंजूर केले, पण 9.25 टक्क्यांनी. हप्ता 22,897 रुपये. गृहवित्त कंपनीच्या हप्त्याहून तो महिन्याला 2,484 रुपयांनी कमी आहे. वीस वर्षांत ही बचत 5 लाख 96 हजारांची होते. पाच वर्षांपूर्वी माफ झालेले 1 लाख 90 हजार परत भरणे हा त्यामुळे त्यांच्या दृष्टीने फायद्याचाच व्यवहार ठरला.

वास्तुशांतीला आम्ही गेलो होतो. स्वयंपाकघरात वाढता वाढता त्या बाई हळूच म्हणाल्या, ‘काका, आता कुठल्याही कागदावर सही करण्याआधी मी आधी विचारते, हे कर्ज माझेही होणार का?’

प्रत्येक घरात हा प्रश्न सही करण्यापूर्वी विचारला जावा. तडजोडीच्या कागदावर सही करण्यापूर्वी तर अवश्य.